सहा चौकटी, अठ्ठावन्न प्रयत्न: चित्रपट्टी हलती करताना

एक पानाची चित्रपट्टी, त्यात सहा चौकटी, एक मुलगी, एक कुत्रा आणि एक छत्री. चित्रातून व्हिडिओ बनवणाऱ्या एआय टूलला ती द्यायची आणि तीस-पस्तीस सेकंदांची हलती गोष्ट काढायची, एवढंच काम होतं. मी मनात दोन दिवस धरले होते. ४ मार्चला पहिली मेल गेली आणि ३१ मार्चला शेवटची फाइल तयार झाली. मधल्या दिवसांत काय काय झालं ते क्रमाने लिहून ठेवतोय.

पट्टी माझी नव्हती. जिची होती ती चित्रकार माझ्याहून बरीच मोठी, मी तिला ताई म्हणतो. तोंडी तिने केव्हाच "कर की" म्हटलं होतं, पण चित्र दुसऱ्याचं असेल तर लेखी घेतलेलं बरं, म्हणून ४ तारखेला मेल केली. कोणती पट्टी, साधारण किती सेकंद, कुठे दाखवणार, आणि अंतिम व्हिडिओ तिने "चालेल" म्हटल्याशिवाय बाहेर जाणार नाही, हे सगळं त्यात होतं. उत्तर नऊ दिवसांनी आलं, आणि त्यात दोन अटी होत्या. अक्षरं तिच्याच हातची राहिली पाहिजेत, आणि तिची चित्रं कुणाच्या प्रशिक्षणाच्या डेटात जाता कामा नयेत.

दुसऱ्या अटीमुळे मला टूलच्या वापराच्या अटी खरोखर वाचाव्या लागल्या. मी जे वापरणार होतो त्याच्या फुकट खात्यात तयार झालेली प्रत्येक क्लिप सार्वजनिक गॅलरीत दिसत होती, वर वॉटरमार्क. पैसे भरलेल्या खात्यात क्लिप खासगी ठेवता येत होत्या आणि 'माझ्या फाइल्स प्रशिक्षणासाठी वापरा' असं एक बटण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर होतं. ते मुळात चालूच्या बाजूला असतं, म्हणजे आपण हात लावला नाही तर परवानगी दिली असं धरलं जातं. बटण बंद केलं, त्याचा स्क्रीनशॉट ताईंना पाठवला आणि मगच स्कॅन मागितला. क्रम हाच ठेवा. चित्र एकदा अपलोड झालं की मग बटण दाबून मागचं काही परत येत नाही. महिन्याच्या पॅकेजात १००० क्रेडिट होती, पाच सेकंदांच्या एका क्लिपला २०. म्हणजे पन्नास प्रयत्न. सहा चौकटींना पन्नास प्रयत्न म्हणजे चैन, असं तेव्हा वाटलं.

१५ तारखेला ६०० डीपीआयचा स्कॅन आला. कागदावर शाईने काढलेलं चित्र, फुगे आणि अक्षरंही त्याच कागदावर त्याच शाईने. वेगळा लेयर वगैरे काही नाही.

१६ तारखेला मी जो पहिला प्रयोग केला तो बहुतेक सगळेच करत असतील: अख्खं पान टूलला दिलं आणि लिहिलं की या चौकटी एकेक करून जिवंत कर. टूलला चौकट म्हणजे काय ते कळत नाही. त्याच्या लेखी ते एकच चित्र असतं. सहाही चौकटींतली माणसं एकदम हलू लागली, मधल्या पांढऱ्या पट्ट्या पाण्यावर तरंगल्यासारख्या डुलल्या, आणि फुग्यांतली अक्षरं वितळली. मात्रा सरकून दुसऱ्याच अक्षरावर गेल्या, जोडाक्षरांची वेटोळी झाली. दोन सेकंदांत मजकूर मराठी राहिला नव्हता, कुठलाच राहिला नव्हता. प्रॉम्प्टमध्ये 'अक्षरं बदलू नकोस' लिहूनही तेच. अक्षर हे त्याला रेघांचं नक्षीकाम वाटतं, आणि नक्षीकाम हलवायचंच असतं अशी त्याची समजूत.

म्हणून पान कापलं. इथे मी जी चूक केली ती दोन दिवसांनी लक्षात आली.

पानाची मांडणी अशी: सगळ्यात खाली एक आडवी लांब चौकट. तिच्या वर डावीकडे चार लहान चौकटी, दोन वर आणि दोन खाली. उजवीकडे या चारांच्या उंचीइतकी एक उभी चौकट. मी वरची ओळ डावीकडून उजवीकडे वाचली, पहिली, दुसरी आणि मग ती उभी. तिला तिसरा नंबर दिला, फाइलला नाव दिलं, प्रॉम्प्ट लिहिले, क्लिप काढल्या. १८ तारखेला जोडून पाहिल्या तर मुलगी तिसऱ्या क्लिपमध्ये मुसळधार पावसात चिंब भिजली होती, आणि चौथीत तिच्या कोरड्या नाकावर पहिला थेंब पडत होता. वाचताना डोळा आपोआप दुरुस्त करून घेतो, त्यामुळे कागदावर हे कधी खटकलं नव्हतं.

ताईंना फोन केला तर त्या हसल्या. "अरे, पट्ट्या बघ ना. कुठली पट्टी न अडता शेवटपर्यंत जाते ते आधी बघायचं."

मग मी तसं पाहिलं. खालच्या आडव्या चौकटीच्या वरची पांढरी पट्टी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग होती, म्हणजे पानाचे आधी दोन भाग, वरचा आणि खालचा. वरच्या भागात उभी पट्टी वरून खालपर्यंत सलग होती, म्हणजे डावा गट पूर्ण वाचायचा आणि मगच उजवीकडची उभी चौकट. आडवी पट्टी त्या उभ्या चौकटीला येऊन अडत होती, ती फक्त डाव्या गटापुरती. या हिशोबाने उभी चौकट पाचवी. तेव्हापासून मी कात्री लावण्याआधी पानाच्या प्रिंटवर पेन्सिलीने नंबर टाकतो आणि प्रत्येक नंबरापुढे काय बदललं ते दोन शब्दांत लिहितो: केस कोरडे, केस कोरडे, नाकावर थेंब, केस कोरडे, चिंब, चिंब. हीच यादी पुढे प्रॉम्प्टमध्येही कामाला आली.

फाइल्सची नावंही बदलली. आधी 'मुलगी_नवीन२' असली नावं होती. आता प्रत्येक नावाच्या सुरुवातीला चौकटीचा दोन आकडी नंबर आणि शेवटी प्रयत्नाचा नंबर. पन्नासेक क्लिप झाल्यावर याची किंमत कळते.

यानंतर फुगे. ठरवलं की टूलला मुकं चित्र द्यायचं आणि फुगे शेवटी एडिटरमध्ये वरून बसवायचे. स्कॅनमधून प्रत्येक फुगा शेपटीसकट कापून पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीत ठेवला. अक्षरं ताईंच्याच हातची राहिली, पहिली अट आपोआप पाळली गेली. एडिटरमध्ये टाइप करायचा मोह टाळा, कारण काही एडिटरच्या शीर्षक-टूलमध्ये देवनागरी नीट जुळत नाही, जोडाक्षरं सुटून मध्ये पाय मोडलेलं अक्षर दिसतं. 'टप्' हा शब्द मात्र फुगा नव्हता, चित्रातच थेंबाशेजारी तिरका काढलेला होता. तोही कापून वेगळा ठेवला. आवाजाचे शब्द चित्राचा भाग असतात म्हणून ते टूलकडे सोडले तर तेही वितळतात.

फुगा काढला की खाली भोक राहतं. ते भरायला मी आधी एआयचं भरण-टूल वापरलं आणि त्याने पहिल्या चौकटीत खिडकीला दुसरी खिडकी जोडली. ताईंनी ते पाहून तीन जागा स्वतः रंगवून दिल्या, अर्ध्या तासात. चित्रकार सोबत असेल तर हे काम तिच्याकडेच द्यावं. नसेल तर भोकाच्या जागी शेजारचा सपाट रंग ओतावा. तसाही तिथे फुगाच येऊन बसणार आहे.

साफ करताना आणखी एक गोष्ट राहून गेली होती. दुसऱ्या चौकटीत कुत्र्याच्या शेपटीशेजारी दोन लहान वाकड्या रेघा होत्या, शेपटी हलते आहे हे दाखवणाऱ्या. आपल्याला त्या हालचाल म्हणून वाचता येतात, टूलला त्या वस्तू वाटल्या. क्लिपमध्ये कुत्र्याच्या मागे दोन तारा लोंबत होत्या आणि तो पुढे गेला तशा त्याही फरपटत गेल्या. गतीच्या रेघा पुसा. हालचाल आता खरी होणार आहे, तिची खूण लागत नाही.

चौकटींचे आकार हाही प्रश्न होता. टूल तीनच आकार देत होतं: आडवा, उभा आणि चौरस. ताईंच्या चौकटी यातल्या कशातच बसत नव्हत्या. कडेला एआयकडून चित्र वाढवून घेतलं की ते ताईंचं चित्र राहत नाही. मग प्रत्येक चौकटीभोवती कागदाच्या रंगाची किनार लावून ती जवळच्या आकारात बसवली, क्लिप काढली आणि नंतर किनार कापून टाकली. पाऊस किनारीवरही पडला, पण तो कापला गेला. अंतिम व्हिडिओत मागे कागदाचाच रंग, आणि त्यावर प्रत्येक चौकट तिच्या मूळ आकारात.

आता मुख्य गोष्ट, प्रॉम्प्ट. तिसऱ्या चौकटीसाठी मी लिहिलेला पहिला प्रॉम्प्ट असा होता. इंग्रजीत लिहिला, कारण माझ्या टूलला मराठी निम्मीच कळत होती.

```
A cute cartoon girl with big expressive eyes and
short black hair is surprised by rain, beautiful
animation, cinematic, she talks and looks around
```

यातला जवळपास प्रत्येक शब्द नडला. ताईंच्या मुलीचे डोळे म्हणजे दोन टिंबं आहेत. मी 'मोठे बोलके डोळे' लिहिलं आणि टिंबं उघडून आत बुबुळं आली. 'सुंदर', 'सिनेमासारखं' या शब्दांनी गालावर छाया चढली आणि सपाट रंग गुळगुळीत झाला. 'बोलते' म्हटल्यावर तोंडात दात आले. 'इकडेतिकडे बघते' हे सगळ्यात वाईट. मान वळली आणि चेहरा कुणा दुसऱ्याचाच झाला. ताई म्हणाल्या, "ही माझी मुलगी नाही रे. तिची मावसबहीण असेल."

मान वळली की चेहरा का बदलतो ते नंतर कळलं. त्यांच्या मुलीच्या डोक्यावर उभी राहणारी केसांची एक बट आहे, ती कुठल्याही बाजूने पाहिलं तरी डाव्या हाताला असते. हे खरं डोकं नाही, कागदावरची युक्ती आहे. टूल मात्र डोकं घन समजून फिरवतं आणि न काढलेली बाजू स्वतःच्या मनाने काढतं. म्हणून नियम केला, की चित्रात जी बाजू काढलेली नाही ती दाखवणारी हालचाल मागायचीच नाही. मान वळवायची नाही, पाठ फिरवायची नाही. डोळे, भुवया, हात, कान, छत्री, पाऊस एवढ्यावर भागवायचं.

दुसरं, जे चित्रात दिसतंच आहे त्याचं वर्णन करायचं नाही. पहिली फ्रेम आपण दिलेलीच असते. तिचं शब्दांत पुन्हा वर्णन केलं आणि ते केसभर वेगळं झालं, की टूल चित्र सोडून शब्दांकडे सरकतं. आणि 'कॅमेरा हलवू नकोस' असं नकारात लिहिलं तर माझ्याकडे कॅमेरा हमखास हलला, 'स्थिर कॅमेरा' लिहिलं तेव्हा थांबला. सातव्या प्रयत्नात चाललेला प्रॉम्प्ट हा:

```
Static camera. The girl holds the same pose. One
raindrop falls and lands on her nose. Her dot eyes
become two short lines, then dots again. Mouth stays
as drawn. Flat colours, uneven black ink outline.
Background still.
```

डोळ्यांच्या वाक्याकडे बघा. 'ती डोळे मिचकावते' लिहिलं की टिंबांवर पापण्या उगवतात. ताई स्वतः मिटलेला डोळा कसा काढतात हे त्यांच्या जुन्या पट्ट्यांत पाहिलं, तर दोन आखूड रेघा. तेच लिहिलं. शैली टिकवायची तर विशेषणांपेक्षा चित्रकार काय काढतो ते पाहून तसं सांगावं लागतं. शेवटची दोन वाक्यं, रंग, रेघ आणि पार्श्वभूमीची, मी सहाही प्रॉम्प्टमध्ये जशीच्या तशी चिकटवली. दर वेळी नव्याने लिहिली तर प्रत्येक क्लिपची रेघ वेगळी निघते.

एका क्लिपला साधारण तीन मिनिटं लागायची, संध्याकाळी रांग असली की वीससुद्धा. त्या वेळात मी एकच तपासणी करायचो. मागच्या क्लिपची पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवून पाहायची. हलताना सगळं छान दिसतं, थांबवलं की रेघ जाड झालेली, काळ्याची राखाडी झालेली, बट बारीक झालेली दिसते. माझ्याकडे बहुतेक क्लिप अडीच-तीन सेकंदांपर्यंत ताईंच्या होत्या आणि तिथून पुढे घसरत होत्या. मग घसरण सुरू होते तिथेच कापायचं आणि उरलेला वेळ मूळ चित्र स्थिर धरून काढायचा.

कुत्र्याने वेगळाच त्रास दिला. त्याची लव बारीक तिरप्या रेघांनी काढलेली, आणि त्या रेघा प्रत्येक फ्रेमला जरा जरा सरकत होत्या. अंगावर मुंग्या चालल्यासारखा दिसायचा. प्रॉम्प्टने हे सुटलं नाही, चार प्रयत्न वाया गेले. शेवटी क्लिपवर मूळ चौकटीतला स्थिर कुत्रा मास्क लावून बसवला आणि क्लिपमधला फक्त हलणारा कान उघडा ठेवला.

पहिल्या चौकटीत मुलगी खिडकी उघडून आकाश बघते आहे. मला खिडकी उघडताना हवी होती, पण चित्र उघडल्यानंतरचं. आधीचं चित्रच नाही. तेव्हा टूलला उलट सांगितलं की खिडकी हळूच बंद होते, आणि क्लिप उलटी फिरवली. यात दुहेरी फायदा झाला. टूलची घसरण सुरुवातीला गेली, आणि शेवट बरोबर ताईंच्या शाईवर येऊन थांबला. उलटवणं आणि फ्रेम कमी करणं एकाच आज्ञेत होतं:

```
ffmpeg -i 01_07.mp4 -vf "reverse,fps=12" -an 01_ulat.mp4
```

पावसावर ही युक्ती चालत नाही हे सांगायला नको. पाऊस वर जातो.

त्या `fps=12` चं कारण असं: टूल सेकंदाला २४ फ्रेम देतं आणि हालचाल तेलावर घसरल्यासारखी होते. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवण्याची जुनी पद्धत आहे, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. निम्म्या फ्रेम काढल्या आणि मुलगी एकदम कागदावरची वाटू लागली. हा शोध मला २२ तारखेला लागला, त्याआधी तीन चांगल्या क्लिप मी 'फार प्लास्टिक दिसतात' म्हणून टाकून दिल्या होत्या. त्या परत काढल्या. नावांत नंबर होते म्हणून सापडल्या.

२५ तारखेला क्रेडिट संपली. पन्नास प्रयत्न झाले होते आणि पाचवी चौकट, ती भर पावसात डबक्यावरून उडी मारणारी, अजून बाकी होती. २०० क्रेडिटचा छोटा पॅक घेतला. उडीचं चित्र पहिली फ्रेम म्हणून दिलं की टूल तिला लगेच खाली उतरवतं आणि ताईंनी काढलेली ती झेप डोळ्यांना दिसतच नाही. शेवटी उडी हलवलीच नाही. प्रॉम्प्टमध्ये फक्त पाऊस आणि डबक्यातली वर्तुळं, मुलगी हवेत तशीच. आठ प्रयत्न लागले, चाळीस क्रेडिट उरली.

मग फुगे चढवण्याचं काम, दोन संध्याकाळी. कागदावर वाचणारा आपल्या वेगाने फुग्यापाशी थांबतो, व्हिडिओत तो वेळ आपल्याला ठरवावा लागतो. मी प्रत्येक फुगा मोठ्याने वाचून मोजला आणि त्याच्या दीडपट वेळ ठेवला. फुगा दिसतो त्या वेळी चित्रात दुसरं काही हलू दिलं नाही, नाहीतर डोळा हालचालीकडे पळतो आणि वाक्य निसटतं. तोंडं बंदच ठेवली. फुगा आहे म्हटल्यावर ओठ हलायची गरज उरत नाही.

शेवटच्या चौकटीत दोन फुगे आहेत. कुत्रा उघड्या छत्रीखाली कोरडा बसला आहे, चिंब मुलगी म्हणते, "मलाही आत घे ना!" आणि कुत्र्याच्या ढगासारख्या फुग्यात: "आता आली का आठवण?" मुलगी उजवीकडे उभी आहे, तरी ताईंनी तिचा फुगा वर डावीकडे काढला आहे आणि त्याची लांब शेपटी तिच्याकडे नेली आहे. फुग्यांचा क्रम असा जागेवरून कळतो, आधी वरचा, मग खालचा. कोण कुठे उभं आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. मी आधी दोन्ही फुगे एकदम दाखवले होते, कागदावर असतात तसे. विनोद गेला. कागदावर दोन्ही समोर असूनही आपण एकामागून एक वाचतो, पडद्यावर नजर थेट शेवटच्याकडे जाते. आता मुलीचा फुगा ०.७ सेकंदाला येतो. मग कुत्र्याचा कान एकदा हलतो. नंतर पूर्ण एक सेकंद काहीच नाही, फक्त पाऊस. ३.४ सेकंदाला कुत्र्याचा फुगा, आणि तो आठव्या सेकंदापर्यंत राहतो. तो रिकामा सेकंद ताईंनी मागितला. मी अर्धाच ठेवला होता.

३१ तारखेला ३४ सेकंदांची फाइल ताईंना गेली. त्यांनी एक बदल सांगितला, 'टप्' थेंबाच्या आधी येत होतं ते थेंब नाकाला लागल्यावर यावं. चार फ्रेम उशिरा आणलं. "चालेल" अशी मेल आली, ती परवानगीच्या मेलसोबत जपून ठेवली.

टूलवरचे स्कॅन आणि सगळ्या क्लिप काढून टाकायचं राहिलं होतं. क्लिप पुसल्या तरी अपलोड केलेली चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये शिल्लक राहतात, ती तिथे जाऊन एकेक काढावी लागली. शिवाय बॅकअपमधूनही काढा असा फॉर्म भरला. त्यात खात्याचा नंबर, फाइल्सच्या तारखा आणि कारण विचारतात. ३ एप्रिलला 'विनंती पूर्ण' असं उत्तर आलं, ते ताईंना पुढे पाठवलं.